‘निदर्शनास आले आहे’, पण कुणाच्या?

सहकारी संस्थेच्या नोटीस बोर्डावर लागणाऱ्या कागदाची एक ठरलेली चाल असते. ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की’ इथून तो निघतो आणि ‘याची गांभीर्याने नोंद घ्यावी’ इथं येऊन थांबतो. मधल्या तीन ओळी फारसं कुणी वाचत नाही. कागद लागला की लोक एकमेकांना विचारतात ते ‘काय लिहिलंय?’ असं नसतं. ‘कुणामुळं लागला?’ असं असतं. दुपारच्या चहापर्यंत एक नाव ठरतं, आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं.

मी बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत कार्यालयीन व्यवस्थापक आहे. मुख्य कार्यालय शहरात, शाखा खानापूर आणि निपाणीच्या बाजूला, सभासद सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचेही. असले कागद बरीच वर्षं मीच लिहितो, त्यामुळं वर जे म्हटलं त्यातला मोठा वाटा माझाच आहे. कामाच्या वेळेत खासगी इंटरनेट किती वापरायचं याचं धोरण आमच्याकडंही आहे. नेमणुकीच्या वेळी दोन पानं हातात देतात, माणूस शेवटच्या पानावर सही करतो आणि ती फाईलला लागतात. वर्षातून एकदा कुणाला तरी ते धोरण आठवतं आणि सगळ्यांना ‘आठवण करून द्या’ असा निरोप येतो. सोबत चेअरमन साहेबांची सूचना असते : कुणाला दटावल्यासारखं वाटायला नको बघा.

दटावल्यासारखं न वाटता हे सांगता येतं, असं माझं मत आहे. मात्र भाषा मऊ करून ते साधत नाही. दोन ‘कृपया’ वाढवले आणि ‘सहकार्याची अपेक्षा आहे’ असं खाली जोडलं, तरी कागद तोच राहतो, फक्त हसून दम दिल्यासारखा होतो. कागद धमकीसारखा वाटतो तो मुख्यतः त्यात माहिती नसते म्हणून. नियम का आहे, किती वापर चालतो, नोंद कसली राहते, ती कोण बघतं, हे सांगायचं राहून गेलं की रिकाम्या जागेत ‘कारवाई’ हा शब्द आपोआप येऊन बसतो. हे मला कळलं ते खानापूर तालुक्यातल्या आमच्या एका शाखेत, एका मार्चअखेरीला.

त्या शाखेत नऊ माणसं आहेत आणि इंटरनेटची लाईन दहा एमबीपीएसची. मार्चमध्ये काउंटर वारंवार अडकायला लागला. पासबुक भरायला आलेल्या आजी समोर उभ्या, छपाईयंत्रात पासबुक घातलेलं, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. मुदत ठेवी नूतनीकरणाला आलेल्या, रांग दारापर्यंत. शाखाप्रमुखांचा फोन आला : ‘सर, सगळी दिवसभर मोबाईलवर असतात. एक कडक नोटीस काढा बघू.’ मी काढली. ती अशी होती :

‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, काही कर्मचारी कार्यालयीन वेळेत इंटरनेटचा वापर वैयक्तिक कारणांसाठी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब संस्थेच्या धोरणाच्या विरुद्ध असून यापुढे असे आढळून आल्यास संबंधितांवर नियमानुसार कारवाई करण्यात येईल. याची सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी.’

छापली, सही घेतली, पाकिटात घातली. सोमवारी त्या शाखेत मार्चअखेरीच्या कागदांसाठी जायचंच होतं, म्हणून सोबत नेली. सकाळी पोचलो तेव्हा काउंटर बरा चालला होता. सव्वादहाच्या सुमारास अडकला. रोखपालांशेजारच्या मोकळ्या संगणकावर बसून मी एक साधी आज्ञा दिली. लाईनवरून एक छोटा निरोप बाहेर जाऊन परत यायला किती वेळ घेतो, हे ती मोजत राहते :

```
ping -t 8.8.8.8
```

लाईन निवांत असते तेव्हा तिथं तीस मिलिसेकंदांच्या आसपास आकडा येतो. त्या वेळी सातशे येत होता, मध्येच निरोप हरवतही होता. मान वळवून बघितलं तर नऊच्या नऊ माणसं कामात होती. एकाही हातात मोबाईल नव्हता. साडेदहाच्या पुढं आकडा आपला आपण खाली आला आणि काउंटर पुन्हा चालू झाला, कुणी काहीही न करता.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि कुणी किती डेटा घेतला, किती पाठवला हेही तिथं दिसतं. त्या पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त डेटा बाहेर पाठवला होता एका मोबाईलनं. तो होता ठेव विभागातल्या ताईंचा, आणि तो त्यांच्या पर्समध्ये होता, पर्स ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवरला कुलूप होतं. आदल्या दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न झालं होतं. फोनमध्ये तीनशेच्या वर फोटो. वायफाय मिळालं की फोटो आपोआप वर चढवायची सोय त्यांच्या फोनमध्ये चालू होती, ती कुणी आणि कधी चालू केली हे त्यांना ठाऊकही नव्हतं. एक फोटो चार एमबीचा धरला तर तीनशे फोटोंचे बाराशे एमबी होतात. दहा एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा मेगाबिट, आणि एका एमबीचे आठ मेगाबिट होतात, त्यामुळं ही लाईन पूर्ण वेगानं वापरली तरी एवढं वर चढायला सोळा मिनिटं लागतात. चोर्ला घाटात एक अवजड ट्रक चढाला लागला की मागच्या दुचाकीलाही त्याच्याच चालीनं जावं लागतं, तसं काउंटरचं झालं होतं. काउंटरच्या प्रोग्रामला लाईन लागते अगदी थोडी, पण ती थोडीही मागं अडकते.

ताईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ‘सर, मी हात पण लावला नाही हो फोनला.’ आणि ते शंभर टक्के खरं होतं. पाकिटातला कागद मी दुपारी बोर्डाला लावला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. ‘काही कर्मचारी’ म्हणजे त्या ताई, असं संध्याकाळपर्यंत ठरलं असतं, आणि खरी अडचण होती तशी राहिली असती. कारण तो कागद वाचून फोनमधली ती सोय बंद करावी हे कुणाला कसं कळावं? ‘वैयक्तिक कारणांसाठी वापर’ या शब्दांत पर्समधला बंद फोन कुणाच्या डोळ्यांपुढं येणार?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सगळे निर्दोषच होते असं वाटेल. त्याआधीच्या शनिवारच्या नोंदी बघितल्या. आयपीएलचा दुपारचा सामना साडेतीनला सुरू होतो, आणि साडेतीनपासून दोन मोबाईलवर तो चालू होता. चांगल्या चित्राचा व्हिडिओ एका फोनला पाच एमबीपीएसपर्यंत ओढतो. दोन फोन म्हणजे लाईन संपली. नेमकं त्या वेळी पिग्मीवाले आपली मशिनं घेऊन दिवसाचा भरणा चढवायला येतात. त्यांना तासभर बाकड्यावर बसून राहावं लागलं होतं. ते दोन फोन कुणाचे हे इथं सांगत नाही. एवढंच सांगतो, की कडक नोटीस काढा म्हणून मला जो फोन आला होता, तो त्या दोहोंतल्या एकावरून आला होता.

म्हणजे एका शाखेत, एका आठवड्यात, तीन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, माणसाच्या नकळत यंत्रानं केलेला वापर. दोन, सगळेच करतात ती किरकोळ कामं : गॅस बुकिंग, मुलाचा निकाल, एसटीचं तिकीट, घरून आलेला मेसेज. तीन, ग्राहक आणि पिग्मीवाले खोळंबलेले असताना दोघांनी बघितलेला सामना. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या सगळ्यांना लागू आहेत. तिसरी त्या दोघांना, दार लावून, समोरासमोर सांगायची आहे. आपल्याकडची नोटीस नेमकं उलट करते. दोघांना सांगायचं धाडस होत नाही म्हणून सगळ्यांना सांगते, आणि सगळ्यांना सांगायचं असतं ते सांगतच नाही. त्या दोघांना कागद आपल्यासाठी आहे असं वाटत नाही, आणि उरलेल्या सातजणांना मात्र वाटतं. कामसू माणूसच असल्या कागदानं दुखावतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

याच विषयावरचा एक कागद थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आहे. रोमानियातल्या एका खासगी कंपनीनं ३ जुलै २००७ रोजी सगळ्या कर्मचाऱ्यांत असंच पत्रक फिरवलं. खासगी कामं घरी ठेवून या, इंटरनेट, फोन, फॅक्स यांवर वेळ घालवू नका, तुमच्यावर लक्ष ठेवलं जाईल आणि शिक्षा होईल, असा त्याचा सूर. एका सहकारी बाईला याच कारणावरून काढून टाकलंय, तिच्यापासून धडा घ्या, हेही त्यात होतं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याच महिन्यात कंपनीनं एका अभियंत्याचे मेसेंजरवरचे संवाद नोंदवून घेतले. त्यात त्याचं भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणंही होतं. त्याला कामावरून काढलं. रोमानियातली न्यायालयं कंपनीच्या बाजूनं गेली, पण ५ सप्टेंबर २०१७ रोजी स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठानं अकरा विरुद्ध सहा मतांनी म्हटलं की त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचं रक्षण त्या न्यायालयांनी नीट केलं नाही. एक मोठं कारण असं, की कसली देखरेख होणार, किती होणार, मेसेजमधला मजकूरसुद्धा वाचला जाऊ शकतो का, हे त्या माणसाला आधी सांगितलेलंच नव्हतं.

पत्रक होतं, सही होती, जरबही भरपूर होती. नव्हती ती माहिती. एवढा आवाज चढवूनही लक्ष कशावर आणि कसं ठेवणार, हे त्या कागदानं कुणाला सांगितलं नाही. योगायोग असा की स्ट्रासबर्गच्या निकालाच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला होता. तो अर्ज करणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. तो निकाल मुख्यतः सरकारला बांधतो, आमच्या सोसायटीला थेट नाही, हे मला कळतं. पण कागद लिहिताना तो डोक्यात असावा, इतपत तो जवळचा आहे.

आता भाषेकडं येतो, कारण आमच्या भागात भाषेवाचून काहीच पुढं सरकत नाही.

नव्या कागदाच्या विषयाच्या ओळीत मी आधी ‘स्मरणपत्र’ लिहिलं होतं. सरळ शब्द आहे, आठवण करून देणारं पत्र. पण आमच्या कार्यालयात स्मरणपत्र जातं ते थकबाकीदाराला. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, मग जामीनदारांना नोटीस, मग वसुलीचा दावा. वसुली विभागातली मुलं ती पत्रं रोज छापतात. त्यांच्या हातात ‘स्मरणपत्र’ पडलं तर हप्ता चुकवल्यासारखंच वाटणार. शब्दकोशात शब्द निर्मळ असतो, पण कचेरीत त्याला त्या कचेरीचा वास लागलेला असतो. मी ओळ बदलून ‘इंटरनेटविषयी थोडं’ असं केलं. साहेबांना ते पोरकट वाटलं. असू दे म्हटलं.

दुसरं, ते ‘करण्यात येते’. सूचित करण्यात येते, कारवाई करण्यात येईल, निदर्शनास आले आहे. यात करणारा कुठंच नाही. कुणाच्या निदर्शनास आलं? कुणी पाहिलं? कॅमेऱ्यात, नोंदीत, की कुणी चुगली केली? माणूस लपवला की वाचणारा तो शोधायला लागतो, आणि संशय शेजारच्या टेबलापासूनच सुरू होतो. म्हणून कागदावर ‘मी’ हवा : मी सोमवारी तपासलं, मला हे सापडलं, आणि खाली माझं नाव. माझ्यावर कुणी चिडायचं तर चिडेल, पण शेजारच्यावर चिडणार नाही.

तिसरी गोष्ट जरा गमतीची. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘आपली लाईन’ म्हटलं की लिहिणाराही त्यात आला. ‘आम्ही नियम केला’ म्हटलं की वाचणारा बाहेर राहिला. मसुदाभर मी जपून ‘आपण’ लिहिलं. मग तो कन्नडमध्ये करायला आमच्या लेखा विभागातल्या अण्णांकडं दिला. ते म्हणाले, ‘कन्नडात दोन्हीला नावु च होतंय की सर.’ मग त्यांनी जिथं सगळे धरायचे तिथं ‘नावेल्लरू’ म्हणजे आपण सगळेजण असं घातलं, आणि बाकीकडं वाक्यच फिरवलं. नुसतं भाषांतर केलं असतं तर मराठी कागद घरातल्या माणसासारखा आणि कन्नड कागद वरून आलेल्या हुकमासारखा झाला असता.

सीमाभागात हे साधं नाही. आमच्याकडं एकाच टेबलावर एकजण मराठीतून हिशेब बोलतो, दुसरा कन्नडमधून, आणि पासबुक इंग्रजीत छापून येतं. एका भाषेतला मजकूर मऊ आणि दुसरीतला ताठ दिसला, की इंटरनेट राहतं बाजूला आणि ‘आमच्यावरच का?’ हा प्रश्न येतो. १९५६ पासूनचं सगळं त्यात येऊन मिसळतं. म्हणून दोन्ही मजकूर एकाच पानावर, शेजारी शेजारी, सारख्या अक्षरात. दोन वेगळे कागद नकोत. आणि दोन्ही मजकूर दोन्ही भाषा येणाऱ्या एका माणसानं मोठ्यानं वाचून बघायचे. आमच्याकडं ते काम शिपाई मामा करतात. त्यांच्या तोंडी एखादं वाक्य अडखळलं की ते बदलायचं, इतकं सोपं आहे ते.

माझी एक फसगतही सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी दटावणं टाळायचं म्हणून मी विनोदी कागद काढला होता. ‘रील बघता बघता रियल काम राहू नये’ असं काहीतरी. मला फार आवडला होता. दुसऱ्या दिवशी कर्ज विभागातली एक मुलगी रजेवर गेली. आदल्याच आठवड्यात शाखाप्रमुख सगळ्यांसमोर तिला ‘काय बघूलालीस गं मोबाईलात?’ असं म्हणाले होते, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, सर आता बोर्डावर टिंगल करतात. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. कागदात थट्टा नाही. आणि कुणाला नुकतं बोललं गेलं असेल तर दोन-तीन आठवडे सर्वांसाठीचा कागद काढत नाही, कितीही निकड असली तरी. तेवढ्यात जे सांगायचं ते शाखेत जाऊन तोंडी सांगतो.

चेअरमन साहेबांचा आक्षेप मात्र रास्त होता. ते म्हणाले, इतकं गोड लिहिलंत तर कोण ऐकणार? सहकारी संस्थेत आधीच सगळे एकमेकांचे पाहुणे, त्यात शिस्त राहायची कशी? माझं उत्तर असं की सूर सौम्य ठेवायचा, नियम नव्हे. आधीच्या धोरणात ‘मर्यादित वैयक्तिक वापर’ असा शब्द होता. मर्यादित म्हणजे किती? एकाला पाच मिनिटं वाटतात, दुसऱ्याला पूर्ण डाव. असा सैल नियम वरवर उदार दिसतो, पण मोडला की नाही हे साहेबांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरतं, आणि त्याच्याइतकं जाचक दुसरं काही नाही. म्हणून केव्हा, कुठल्या वायफायवर आणि काय, हे नेमकं लिहायचं. शिस्तीचे नियम आहेत हेही लपवायचं नाही. एका वाक्यात सांगायचं, शेवटी, दवंडी पिटल्यासारखं नाही.

आणि कागदाआधी यंत्राचं काम करून टाकायचं. आम्ही मोबाईलसाठी वेगळं वायफाय केलं, त्याला तीन एमबीपीएसची मर्यादा घातली आणि काउंटरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. आता कुणाच्या लग्नाचे तीनशे फोटो वर चढायला त्रेपन्न मिनिटं घेतील, पण काउंटरला ते जाणवणारही नाही. राउटरच्या एका सेटिंगनं सुटणारी अडचण माणसांच्या शिस्तीवर ढकलायची, हे मला लबाडीचं वाटतं. मोठी लाईन घ्या असंही कुणी सुचवलं. घ्यावीच, पण मर्यादा नसेल तर तीही भरते.

शेवटी लागलेला कागद हा असा :

‘इंटरनेटविषयी थोडं

आपल्या शाखेची लाईन १० एमबीपीएसची आहे. काउंटर, पिग्मी मशिन आणि आपले मोबाईल, सगळं तिच्यावरच चालतं. मार्चमध्ये काउंटर बऱ्याचदा अडकला. मी सोमवारी येऊन तपासलं. दोन कारणं सापडली : फोनमधले फोटो आपोआप वर चढणं, आणि चालू व्हिडिओ. पहिलं तर ज्याचा फोन त्यालाही माहीत नसतं. आपल्या फोनमध्ये ही सोय चालू आहे का ते बघून घ्या. बंद करायला जमत नसेल तर मला सांगा.

मोबाईलसाठी आता वेगळं वायफाय आहे, पासवर्ड शाखाप्रमुखांकडं मिळेल. मोबाईल त्यालाच जोडावा.

समोर ग्राहक नसेल तेव्हा मेसेज, तिकीट, गॅस बुकिंग, मुलांचा निकाल असं काम करायला हरकत नाही. व्हिडिओ आणि मॅच जेवणाच्या सुट्टीत. कार्यालयाच्या संगणकावर मात्र खासगी ईमेल, पेन ड्राइव्ह आणि डाउनलोड नको. सभासदांची खाती त्याच संगणकावर आहेत, आणि व्हायरस बहुतेक याच वाटेनं येतो.

कुठलं उपकरण, केव्हा, कुठल्या साइटवर, किती डेटा, एवढी नोंद फायरवॉलमध्ये राहते. मेसेजमधला मजकूर दिसत नाही आणि आम्ही तो बघायचा प्रयत्न करत नाही. नोंद १८० दिवस ठेवतो, कारण सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्राच्या सर्ट-इन संस्थेचा २०२२ पासून तसा निर्देश आहे. ती मी आणि मुख्य कार्यालयात संगणकाचं बघणारे एकजण, असे दोघंच पाहू शकतो, आणि लाईन अडकली तरच पाहतो. कुणाविषयी काही विचारायचं झालं तर त्यालाच विचारू, बोर्डावर लिहिणार नाही.

मूळ धोरणाची दोन पानं शाखेत ठेवली आहेत. शिस्तीचे नियम त्यात आहेत ते तसेच आहेत.’

खाली माझं नाव आणि फोन नंबर. उजव्या बाजूला अण्णांचा कन्नड मजकूर.

नोंदींचा परिच्छेद घालावा की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. संचालकांपैकी एकजण म्हणाले, मेसेज दिसत नाहीत हे कशाला सांगायचं, राहू दे थोडी भीती. मला हे पटत नाही. बहुतेक साइटवरचा व्यवहार आता बंद पाकिटातून जातो. पाकिटावरचा पत्ता आमच्या फायरवॉलला दिसतो, आतली चिठ्ठी नाही. आतलं बघायची वेगळी यंत्रणा असते, ती आमच्याकडं नाही. उद्या बसवली तर हा परिच्छेद त्याच दिवशी बदलावा लागेल. खोट्या भीतीवर चालणारी शिस्त खोटं उघडं पडेपर्यंतच चालते. रोमानियातल्या त्या कागदाचं काय झालं ते वर सांगितलंच.

त्या दोघांशी मी वेगवेगळं बोललो. एकाला एवढंच विचारलं, ‘शनिवारी साडेतीननंतर पिग्मीवाले तासभर बसून होते, तुम्हाला माहीत होतं का?’ त्याला नव्हतं. दुसऱ्यांशी बोलणं जरा अवघड गेलं, ते वयानं मोठे आणि हुद्द्यानंही. चहा मागवला, नोंदीचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला, सुलटा करायची वेळ आली नाही.

कागदानं सगळं सुटलं असं नाही. जेवणाच्या सुट्टीत तीन एमबीपीएसवर तिघांनी मॅच लावली की चित्र फुटतं आणि तक्रार माझ्याकडं येते. दोघांनी मोबाईलचा स्वतःचाच डेटा वापरायला सुरुवात केली. त्यानं लाईन वाचते, पण समोर ग्राहक असताना मान खाली ती खालीच. त्या बाबतीत इंटरनेटचा कागद काही कामाचा नाही, तो काउंटरवर कसं बसायचं याचा प्रश्न आहे आणि तो तोंडीच सांगावा लागतो.

परवा त्या शाखेत गेलो तर एक पिग्मीवाले मशिन हातात घेऊन कागदापुढं उभे होते. सगळं वाचून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, ‘सर, आम्ही कुठल्या वायफायला जोडायचं? आमचं नाव यात दिसेना.’ मशिनचा उल्लेख होता, त्यांचा खरंच नव्हता. कमिशनवर काम करणारे म्हणून ते हजेरीपटावर नाहीत, आणि ‘सर्व कर्मचारी’ मनात धरताना ते माझ्या डोळ्यांसमोर आलेच नाहीत. काउंटरच्या वायफायचा पासवर्ड बदलल्यापासून ते रोज संध्याकाळी रोखपालांकडून लाईन मागून घेत होते. त्यांची मशिनं आता काउंटरच्या वायफायवर घेतली आहेत. कागदात ती ओळ घालून नवी प्रत काढायची आहे, अण्णा रजेवरून आले की कन्नडसकट.